एका उत्तरापुरता इशारा

जून उजाडला की गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पावसाळ्याच्या सूचना झळकू लागतात. आरोग्य खात्याच्या दिनदर्शिकेत जून हा हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै हा डेंग्यू प्रतिरोध महिना असतो, त्यामुळे तापाविषयी चार ओळी त्या सूचनांत येतातच. पण गावाला फक्त तापाची माहिती नको असते. मुळशी खोऱ्यातल्या एखाद्या गावाचे पत्रक डोळ्यांपुढे आणावे. तरव्याचे रोप पिवळे पडले तर काय करावे, पीकविम्याचा अर्ज कुठे भरावा, रेशनकार्डाची ई-केवायसी राहिली असेल तर कुणाला भेटावे, विजेची तार तुटून खाचरात पडली तर काय, जनावरांना घटसर्पाची लस कधी, ताम्हिणी घाटात दरड आली तर एसटीची चौकशी कुठे करावी, आणि मधेच कुठेतरी सहाव्या क्रमांकावर, ताप आला तर काय घ्यावे. सात प्रश्न, सात उत्तरे, एकच पान.

अशा पानाच्या तळाशी बहुधा बारीक अक्षरात एक वाक्य असते. वरील सर्व माहिती केवळ मार्गदर्शनासाठी असून कोणताही उपाय करण्यापूर्वी तज्ज्ञांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लिहिणाऱ्याने जबाबदारी झटकण्यासाठी ते घातलेले असते असे नाही. काहीतरी राहून जाईल अशी त्याला खरोखर भीती वाटते. पण हे वाक्य ई-केवायसीला लागू होत नाही, घटसर्पाच्या लसीला लागू होत नाही, आणि जिथे ते लागू व्हायला हवे तिथे काहीच सांगत नाही. तापाच्या उत्तरात नेमके कशाला जपायचे, हे त्यातून कळत नाही. पाच-सहा ठिकाणी बिनकामाचा ठरलेला इशारा सहाव्या ठिकाणी कुणी मनावर घेत नाही. औषधांच्या पाकिटावरच्या बारीक छपाईचे जे होते तेच इथे होते.

प्रश्न असा की सातांपैकी एकाच उत्तराला इशारा का हवा? तुटलेल्या तारेत जिवाचा धोका तापापेक्षा कमी नाही. पण तारेविषयीचे उत्तर म्हणजेच इशारा आहे. जवळ जाऊ नका, जनावरांना जाऊ देऊ नका, महावितरणला कळवा. ते उत्तर पाळणारा माणूस सुरक्षित राहतो. पीकविम्याच्या अर्जात चूक झाली तर अर्ज परत येतो, म्हणजे चूक दिसते. तापाचे तसे नाही. पॅरासिटामॉल घ्या हे उत्तर बरोबर आहे, माणूस ते तंतोतंत पाळतो, त्याला बरेही वाटते, आणि तरीही दोन ठिकाणी त्याचा घात होऊ शकतो. बरोबर उत्तर पाळूनही नुकसान होण्याची वाट जिथे उरते, तिथेच वेगळा इशारा लागतो.

ही दोन ठिकाणे कुठली, ते लावणीच्या एका आठवड्यावरून समजते. समजा, चाळीस वर्षांची एक बाई सोमवारी दिवसभर खाचरात वाकून लावणी करते आहे. संध्याकाळी अंग मोडून येते. लावणीत कंबर दुखतेच, म्हणून ती घरातली उरलेली कंबरदुखीची गोळी घेते. त्या गोळीत डायक्लोफेनॅक असते. रात्री कणकण येते, मंगळवारी सकाळी ताप १०२ अंशांवर जातो. पत्रकात लिहिले आहे तसे ती पॅरासिटामॉल घेऊ लागते, पण कंबर ठणकतच असल्यामुळे दुखण्याची गोळीही चालू ठेवते. पत्रकाने तिला त्याविषयी काही सांगितलेले नाही, आणि तिच्या लेखी ती तापाची गोळी नाहीच. शुक्रवारी ताप उतरतो. घरात सगळ्यांना हायसे वाटते. शनिवारी ती पुन्हा खाचरात उतरते. दुपारी पोटात कळा येतात, दोन-तीन उलट्या होतात, उभे राहिले की चक्कर येते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या म्हणून पित्त झाले असेल, असे म्हणून ती घरी येऊन पडून राहते.

ताप डेंग्यूचा असेल तर या आठवड्यातली सर्वांत धोक्याची वेळ मंगळवारची नाही, शुक्रवार-शनिवारची आहे. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो, आणि नेमक्या त्याच सुमारास काही रुग्णांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. रक्तातला पातळ भाग वाहिन्यांबाहेर झिरपून पोटात आणि छातीत साचतो. ही गळती २४ ते ४८ तास चालते. आत उरलेले रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. हे वेळेत ओळखून योग्य प्रमाणात द्रव दिले तर बहुतेक रुग्ण वाचतात. उशीर झाला तर तोच रुग्ण अत्यवस्थ होतो. गावात सगळ्यांचे लक्ष असते ते प्लेटलेटच्या आकड्यावर आणि पपईच्या पानांवर. रक्त किती घट्ट झाले आहे हे सांगणाऱ्या हिमॅटोक्रिटच्या आकड्याकडे कुणी बघत नाही. पण तो वेगळा विषय झाला. पत्रकाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की ताप उतरणे ही खूण लोकांना सुटकेची वाटते आणि या आजारात ती सावध होण्याची असू शकते.

दुसरे ठिकाण दुखण्याच्या गोळीचे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या एकाच घराण्यातल्या गोळ्या आहेत. त्या पोटाच्या अस्तराला डिवचतात आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींचे काम कमी-अधिक मंदावतात. अ‍ॅस्पिरिनचा हा परिणाम त्या पेशीच्या आयुष्यभर, म्हणजे आठवडाभर ते दहा दिवस टिकतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात, त्यात उरलेल्याही नीट काम करेनाशा झाल्या की हिरड्यांतून, नाकातून किंवा पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसही होतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून तो शिरतो आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. ही गोळ्यांची जात मूत्रपिंडालाही त्रासदायकच. म्हणजे ताप डेंग्यूचा की लेप्टोचा हे कळण्याआधीसुद्धा इशारा एकच राहतो.

आता हे सगळे पत्रकात कसे बसवायचे? पहिला मोह असतो सगळे लिहून टाकण्याचा. यकृताचा आजार असेल तर जपून, दारू पिणाऱ्यांनी जपून, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते हे लक्षात ठेवा, मुलांना वजनाप्रमाणे, गरोदर बाईने विचारून, प्लाझ्मा गळतीची लक्षणे पुढीलप्रमाणे. असे केले की सहावे उत्तर अर्धे पान खाते, पीकविमा मागच्या बाजूला जातो, आणि घाईत असलेला माणूस सहावा प्रश्नच गाळतो.

यातले बरेचसे इशारे उत्तर नीट लिहिले तर त्यातच विरघळतात. उत्तर असे लिहावे: मोठ्या माणसांनी पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे, दिवसभरात चारपेक्षा जास्त घेऊ नयेत. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम मानली जाते. चार गोळ्यांत दोन ते अडीच ग्रॅमच्या आसपासच होतात. कुणी वर सर्दीची एखादी गोळी घेतली, त्यातही पॅरासिटामॉल असले, तरी मर्यादा ओलांडली जात नाही. कृश अंगाच्या माणसालाही हे प्रमाण झेपते. ज्याचे यकृत आधीच बिघडले आहे त्याने विचारूनच घ्यावे हे खरे, पण असा माणूस बहुधा कुठल्या तरी डॉक्टरच्या उपचाराखाली असतो. मात्रा मुळातच आवरती ठेवली की तिच्याबद्दल वेगळी धमकी द्यावी लागत नाही.

मुलांचे तसेच. मुलाची मात्रा वजनावर, दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारात पाच मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीची सिरपे मिळतात. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्या बाटलीतून सहा मिलिलिटर आणि दुसरीतून तीन मिलिलिटर. हे गणित सात प्रश्नांच्या पत्रकात सोडवता येत नाही आणि सोडवू नये. ‘मोठ्या माणसांनी’ हे दोन शब्द आणि ‘लहान मुलाला आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारूनच’ एवढे पुरे. उत्तर कुणासाठी आहे ते सांगणे हा इशारा नव्हे, ती उत्तराची हद्द आहे. हद्द आखलेली असली की इशारे कमी लागतात.

एवढे झाल्यावर जे उरते ते खरे इशाऱ्याचे. दोन वाक्ये. पहिला मसुदा सहसा असा होतो: ‘तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. धोक्याची लक्षणे दिसल्यास त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.’ वैद्यकीयदृष्ट्या यात चूक काही नाही, पण लावणीवाल्या बाईला याचा उपयोग नाही. ती तापासाठी डायक्लोफेनॅक घेतच नव्हती, ती कंबरेसाठी घेत होती. धोक्याची लक्षणे कोणती हे तिला ठाऊक असते तर इशाऱ्याची गरजच नव्हती. आणि पोटातली कळ ती पित्ताच्या खात्यावर टाकणार हे ठरलेले.

त्याच वाक्यात आणखी एक खोच आहे, ती जास्त गंभीर. गावात हृदयाच्या झडपेचा, अँजिओप्लास्टीचा किंवा अर्धांगवायूचा एखादा तरी रुग्ण असतो, ज्याची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू असते. पत्रकात ‘तापात अ‍ॅस्पिरिन घेऊ नये’ असे वाचून त्याने ती स्वतःहून बंद केली तर नव्या बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका उभा राहतो. डेंग्यूची खात्री झाल्यावर ती गोळी थांबवायची की चालू ठेवायची, हे प्लेटलेट आणि हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. पत्रकाने ते ठरवून टाकणे म्हणजे एकाला वाचवण्याच्या नादात दुसऱ्याला ढकलणे. इशाऱ्यालाही हद्द लागते ती अशी.

म्हणून सुधारलेला मसुदा: ‘ताप असेपर्यंत अंगदुखी किंवा कंबरदुखीसाठीही दुसरी गोळी घेऊ नये, पाकिटावर पॅरासिटामॉलशिवाय दुसरे नाव असेल तर ती गोळी नको. हृदयाची किंवा रोजची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, दवाखान्यात सांगावे. ताप उतरल्यावरही पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त किंवा खूप गळाठा आला तर त्याच दिवशी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात यावे किंवा १०८ ला फोन करावा.’

दोनाची तीन वाक्ये झाली, पण त्यातले प्रत्येक काहीतरी करायला किंवा न करायला सांगते. औषधांची चार नावे पाठ करण्याऐवजी पाकीट उलटे करून बघायला सांगितले आहे. पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक एकाच गोळीत मिळते, आणि दुकानात नुसते ‘तापाची गोळी द्या’ म्हटले की तशी जोडगोळी हातात पडणे काही अवघड नाही. पुढचे नाव कंपनीचे असते, मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटकांची नावे असतात. एक नाव की दोन, एवढे बघायला औषधशास्त्र लागत नाही. चष्मा लागतो, किंवा घरातले शाळकरी मूल. आणि ‘ताप उतरल्यावरही’ हे दोन शब्द या सगळ्यात सर्वांत मोलाचे, कारण शनिवारच्या त्या दुपारी लागू पडणारे तेवढेच आहेत.

इशारा कुठे ठेवायचा हाही प्रश्न आहे. तळाशी तारांकित करून ठेवला तर पत्रक मोठ्याने वाचले जाते तेव्हा तो गळतो. ग्रामसभेत वाचणारा तारा वाचून दाखवत नाही. फोनवर लोक पूर्ण पान पाठवतच नाहीत, हवा तेवढा भाग कापून पाठवतात. ‘ताप आला तर’ एवढाच तुकडा पुढे गेला तर इशाराही त्याच्याबरोबर गेला पाहिजे. म्हणून तो त्याच उत्तरात, त्याच परिच्छेदात, मात्रेच्या लगेच पुढे. अक्षरही तेवढेच. लाल ठळक अक्षरात छापला तर पान हातात घेणाऱ्याला पीकविम्याआधी हिरड्यांतले रक्त दिसते, आणि उरलेल्या सहा उत्तरांवर त्याची विनाकारण सावली पडते. तळाचे ते सरसकट वाक्य काढून टाकावे. ते राहिले तर वाचणारा असे धरून चालतो की इशारा तळाशी असतो, आणि सहाव्या उत्तराच्या मध्यावरचा इशारा त्याला दिसत नाही.

सरकारी यंत्रणेत नेमक्या इशाऱ्याचे चांगले नमुने आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या दोन घटकांच्या सर्दीच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला सांगितला. सर्दीच्या सगळ्या औषधांवर नाही, त्या जोडीवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे मुले दगावली, त्यातली काही उपचारासाठी नागपुरात आणली गेली होती. तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ या बॅचचा वापर थांबवायला सांगितले. दुकानदाराला बाटली उचलून क्रमांक ताडून बघता आला. त्याच दिवसांत केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत असेही कळवले. हा इशारा व्यापक आहे, पण वयाची रेघ स्पष्ट आहे. बातम्यांतून आणि फॉरवर्डांतून फिरताना मात्र तो ‘खोकल्याची औषधे विषारी’ इतका सैल झाला, आणि एवढ्या सैल इशाऱ्यावरून घरातल्या कुठल्या बाटलीचे काय करायचे हे कुणालाच ठरवता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हाच्या सूचनांतही असेच मिश्रण होते. पाणी उकळून प्या, ताजे अन्न खा, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवा, आणि हातापायांत अचानक अशक्तपणा जाणवला तर रुग्णालयात जा. पहिल्या तीन गोष्टी कुणीही कधीही करू शकतो. चौथीत तास मोजायचे असतात, कारण अशक्तपणा पायांतून वर चढत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. चारही एका मापाच्या ओळी म्हणून वाचल्या गेल्या की चौथीचे वजन पहिल्या तिघींच्या बरोबरीचे होते.

पत्रक छापण्याआधी ते तपासायला फार काही लागत नाही. पाच जणांना ते मोठ्याने वाचून दाखवावे, त्यात एक तरी वयस्क आणि एक तरी लावणीला जाणारी बाई असावी. मग पत्रक बाजूला ठेवून विचारावे. ताप असताना कंबर दुखली तर काय घ्याल? तुमच्या सासऱ्यांची हृदयाची गोळी चालू ठेवाल की बंद कराल? ताप गेला आणि पोट दुखायला लागले तर? तिसऱ्या प्रश्नाला तीन जणांनी ‘ओवा घेऊ’ असे सांगितले तर वाक्य अजून जमलेले नाही. आणि शेवटी पीकविम्याचा अर्ज कुठे भरायचा हेही विचारावे. त्याचे उत्तर कुणाला आठवले नाही, तर इशारा जास्त मोठा झाला आहे असे समजून पहिल्या वाक्यापासून पुन्हा कापायला घ्यावे.